भाडे वर्षाच्या आरंभी की अखेरीस? आगाऊ आणि मुदतअखेर हप्त्यांच्या मूल्यातील फरक कसा काढावा

कोल्हापुरात श्री शाहू मार्केट यार्डाच्या परिसरात गोदाम भाड्याने घेताना भाड्याच्या आकड्यावर जेवढी घासाघीस होते, तेवढी ते भाडे कोणत्या तारखेला द्यायचे यावर सहसा होत नाही. वास्तविक तारीख एका वर्षाने पुढेमागे झाली, तर भाड्याची खरी किंमत दहा-बारा टक्क्यांनी बदलू शकते. हा फरक नेमका किती आणि तो का पडतो, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मी ठरवलेले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

गुळाच्या एका व्यापाऱ्याला रवे ठेवण्यासाठी पाच वर्षांकरिता गोदाम हवे आहे. मालक त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवतो. पहिल्या पर्यायात दरवर्षी वर्ष सुरू होतानाच १,२०,००० रुपये आगाऊ द्यायचे, आणि दुसऱ्या पर्यायात वर्षभर गोदाम वापरून वर्षाच्या अखेरीस १,३०,००० रुपये द्यायचे. बोलणी दिवाळी पाडव्याच्या सुमारास होत असली तरी पाडव्याची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, त्यामुळे करारात भाडेवर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असे लिहिले आहे असे धरू. हे लेखीच असावे, कारण पुढचा सगळा हिशेब तारखांवर उभा आहे.

समान अंतराने, ठरावीक काळापर्यंत दिल्या जाणाऱ्या समान रकमांच्या मालिकेला ॲन्युइटी किंवा वार्षिकी म्हणतात; यातील अंतर वर्षाचे असेल तसेच महिन्याचे किंवा तिमाहीचेही असू शकते. रक्कम प्रत्येक कालखंडाच्या अखेरीस दिली जात असेल तर ती ऑर्डिनरी ॲन्युइटी आणि आरंभी दिली जात असेल तर ॲन्युइटी ड्यू. व्यापाऱ्यापुढचा पहिला पर्याय ॲन्युइटी ड्यू आहे आणि दुसरा ऑर्डिनरी ॲन्युइटी.

पहिली पायरी : तारखांची रेघ आखा

कोणतेही सूत्र हाती घेण्यापूर्वी कागदावर एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर ० पासून ५ पर्यंत खुणा कराव्यात. ० म्हणजे कराराचा पहिला दिवस, १ म्हणजे पहिले वर्ष संपण्याचा क्षण, आणि असेच पुढे ५ पर्यंत. आता आगाऊ भाड्याच्या रकमा रेघेच्या वर लिहाव्यात. त्या ०, १, २, ३ आणि ४ या खुणांवर येतील. अखेरच्या भाड्याच्या रकमा रेघेच्या खाली लिहाव्यात; त्या १, २, ३, ४ आणि ५ या खुणांवर येतील.

येथे एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या वर्षाची अखेर आणि दुसऱ्या वर्षाचा आरंभ हिशेबाच्या दृष्टीने एकच क्षण आहे. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ आणि १ नोव्हेंबरची सकाळ यांत व्याज साचण्याइतका वेळ जात नाही. म्हणून १ ते ४ या चार खुणांवर दोन्ही मालिकांत एकेक हप्ता आहेच. रक्कम समान असती, तर दोन्ही मालिकांत फरक फक्त टोकांना राहिला असता: आगाऊ मालिकेत शून्याच्या खुणेवर एक हप्ता जास्त आणि अखेरच्या मालिकेत पाचच्या खुणेवर एक हप्ता जास्त. आगाऊ हप्त्यांचे मूल्य अधिक का, याचे संपूर्ण उत्तर या दोन टोकांत आहे. आज हातात पडणारे १,२०,००० आणि पाच वर्षांनी पडणारे १,२०,००० यांची अदलाबदल कोणीही बिनशर्त करणार नाही.

दुसरी पायरी : दर कोणाचा घ्यायचा ते ठरवा

भविष्यातील रक्कम आजच्या मूल्यात आणण्यासाठी व्याजदर लागतो. तो वर्तमानपत्रातून उचलायचा नसतो, ज्याचा हिशेब मांडत आहोत त्याच्याच व्यवहारातून घ्यायचा असतो. हंगामाच्या तोंडावर गूळ-खरेदीसाठी व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते वापरात असते. आगाऊ भाडे द्यायचे झाल्यास ते त्याच खात्यातून जाणार आणि तेवढ्या रकमेवर व्याज चढणार. म्हणून त्या खात्याचा दर हाच त्याचा दर. तो आपण वर्षाला १२ टक्के धरू.

बँक कॅश क्रेडिटवर व्याज दरमहा लावते, त्यामुळे कागदावरचा १२ टक्के दर वर्षभराच्या चक्रवाढीने प्रत्यक्षात १२.६८ टक्के होतो. खालच्या हिशेबात १२ टक्के हाच वर्षाचा प्रत्यक्ष दर आहे असे मी समजलो आहे.

तिसरी पायरी : प्रत्येक हप्ता आजच्या मूल्यात आणा

आधी रक्कम दोन्हीकडे १,२०,००० च ठेवून फक्त तारखेचा परिणाम पाहू. एका वर्षाने मिळणाऱ्या रकमेला १.१२ ने भागले की तिचे आजचे मूल्य मिळते, दोन वर्षांनी मिळणाऱ्या रकमेला १.१२ ने दोनदा भागायचे, आणि असेच पुढे. आगाऊ मालिकेतील पहिला हप्ता आजच द्यायचा असल्याने त्याला काहीच भागायचे नाही. तो १,२०,००० च राहतो. त्यानंतरच्या चार हप्त्यांची आजची मूल्ये अनुक्रमे १,०७,१४३, ९५,६६३, ८५,४१४ आणि ७६,२६२ रुपये होतात. पाचांची बेरीज ४,८४,४८२ रुपये.

अखेरच्या मालिकेत हेच चार आकडे, म्हणजे १,०७,१४३ पासून ७६,२६२ पर्यंतचे, जसेच्या तसे येतात. फक्त सुरुवातीचे १,२०,००० त्यांत नाहीत आणि त्यांच्या बदली पाचव्या वर्षाच्या अखेरचा हप्ता येतो, ज्याचे आजचे मूल्य ६८,०९१ रुपये आहे. ही बेरीज ४,३२,५७३ रुपये होते.

दोन बेरजांतील फरक ५१,९०९ रुपये आहे. तो दोन वाटांनी तपासता येतो. टोकांच्या हप्त्यांतील फरक घेतला, म्हणजे १,२०,००० मधून ६८,०९१ वजा केले, तर ५१,९०९ येतात. आणि ४,३२,५७३ चे १२ टक्के काढले, तरीही ५१,९०९ च येतात. हा योगायोग नाही. आगाऊ मालिकेतील प्रत्येक हप्ता त्याच्या जोडीच्या अखेरच्या हप्त्यापेक्षा बरोबर एक वर्ष आधी येतो, म्हणून प्रत्येक हप्त्याला एक वर्षाचे व्याज जास्त मिळते, आणि प्रत्येक हप्ता १.१२ पट झाला की बेरीजही १.१२ पट होते. यातून मिळणारा नियम असा, की ॲन्युइटी ड्यूचे मूल्य हे ऑर्डिनरी ॲन्युइटीच्या मूल्याला एक अधिक एका कालखंडाचा दर याने गुणून येते. करार पाच वर्षांचा असो की पंचवीस, हा गुणक तोच राहतो. मुदत वाढली की फरकाची रक्कम वाढते, प्रमाण वाढत नाही.

मूल्य अधिक याचा अर्थ कोण कोणत्या बाजूला आहे त्यावर अवलंबून आहे. घेणाऱ्यासाठी आगाऊ हप्ते मोलाचे आहेत, तर देणाऱ्याला त्याच हप्त्यांचा बोजा तितकाच जड आहे.

चौथी पायरी : समतोलाचा दर काढा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आगाऊ १,२०,००० आणि अखेर १,३०,००० यांत व्यापाऱ्याने काय निवडावे? वरच्या नियमामुळे पाच वर्षांची लांबलचक बेरीज न करताही उत्तर मिळते. अखेरच्या रकमेला आगाऊ रकमेने भागावे: १,३०,००० भागिले १,२०,००० म्हणजे १.०८३३. याचा अर्थ मालक एक वर्ष थांबण्याबद्दल ८.३३ टक्के व्याज मागत आहे. व्यापाऱ्याला पैसा यापेक्षा महाग पडत असेल तर अखेरचा पर्याय स्वस्त, आणि यापेक्षा स्वस्त पडत असेल तर आगाऊ पर्याय स्वस्त. मुदतीची वर्षे या भागाकारात कोठेही आलेली नाहीत, हे मुद्दाम पाहावे.

कॅश क्रेडिटचा दर १२ टक्के असल्याने आपल्या व्यापाऱ्याने १,३०,००० चा पर्याय घ्यावा. पडताळणी करायची झाल्यास, वर्षअखेरच्या १,३०,००० च्या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य ४,६८,६२१ रुपये होते. आगाऊ पर्यायाच्या ४,८४,४८२ रुपयांपेक्षा ते १५,८६१ रुपयांनी कमी आहे. दिसायला मात्र दुसऱ्या पर्यायात पाच वर्षांत ५०,००० रुपये जास्त द्यावे लागतात, आणि नुसती बेरीज करणारा माणूस येथेच चुकीची निवड करतो. याउलट, ज्या व्यापाऱ्यावर कर्ज नाही आणि ज्याचे जादा पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत पडून आहेत, त्याने ठेव मोडून आगाऊ १,२०,००० देणे फायद्याचे, कारण त्याचे हे पैसे वर्षभरात १,२८,४०० च झाले असते. ठेव मुदतीपूर्वी मोडण्याबद्दल बँक काही व्याज कापत असेल, तर ते मात्र यात धरले पाहिजे.

भाडे दरवर्षी ५ किंवा १० टक्क्यांनी वाढवण्याचे कलम असेल तर हप्ते समान राहत नाहीत आणि काटेकोर अर्थाने ती ॲन्युइटी उरत नाही. तरीही समतोलाचा दर बदलत नाही, कारण दोन्ही पर्यायांत वाढ सारखीच असेल तर जोडीचे हप्ते एकमेकांपासून एक वर्षच दूर राहतात आणि त्यांचे प्रमाणही तेच राहते.

मालकाच्या बाजूने तोच हिशेब

हा व्यवहार मला रंजक वाटतो तो येथे. गोदामाचा मालक निवृत्त शिक्षक आहे, त्याला कर्ज नाही, आणि आलेले भाडे तो ७ टक्क्यांच्या ठेवीत टाकतो असे समजू. त्याच्या दराने आगाऊ १,२०,००० आणि वर्षअखेरचे १,२८,४०० सारखेच. म्हणजे वर्षअखेरीस १,३०,००० मिळणार असतील तर तोही थांबायला तयार होईल. पाच वर्षांच्या हप्त्यांचे आजचे मूल्य त्याच्या दराने आगाऊ पर्यायात ५,२६,४६५ आणि अखेरच्या पर्यायात ५,३३,०२६ रुपये येते. एकाच पर्यायात दोघांचाही फायदा कसा? दोघांसाठी पैशाची किंमत वेगळी आहे म्हणून. व्यापाऱ्याला वर्षअखेरीस १,३४,४०० पर्यंत कोणतीही रक्कम परवडते, मालकाला १,२८,४०० च्या वर कोणतीही रक्कम पटते, आणि बोलणी या दोन आकड्यांच्या मध्ये व्हायला हवीत. दुसऱ्या बाजूचा दर साधारण ओळखता आला, तर बोलणीत आपण कुठवर ताणू शकतो हे आधीच कळते.

अर्थात या हिशेबात मालकाची एक काळजी आलेली नाही. वर्षभर गोदाम वापरू दिल्यानंतर भाडे मिळालेच नाही तर? आगाऊ भाड्यात हा धोका जवळजवळ नसतो. अखेरच्या भाड्यात पूर्ण वर्षाचे भाडे अडकते. मालक यासाठी अनामत मागेल किंवा आपला दर चढा धरेल. अनामत बिनव्याजी असेल, तर तीही व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटमधूनच जाणार आणि तिचे व्याज अखेरच्या पर्यायाच्या खर्चात मिळवावे लागेल. समजा ६०,००० रुपये अनामत मागितली. १२ टक्क्यांनी तिचे वर्षाचे व्याज ७,२०० रुपये. व्यापाऱ्याची वर्षअखेरची खरी किंमत मग १,३७,२०० झाली, जी १,३४,४०० च्या वर आहे. अनामत फक्त अखेरच्या पर्यायातच मागितली जात असेल, तर उत्तर उलटले आणि आगाऊ पर्याय स्वस्त ठरला. अनामत दोन्ही पर्यायांत सारखीच असेल, तर तुलनेवर तिचा काही परिणाम नाही.

महिन्याच्या भाड्यात फरक केवढा?

गुणकात एका कालखंडाचा दर असतो, आणि महिन्याच्या हप्त्यात कालखंड महिन्याचा असतो. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ टक्का धरला, तर १ तारखेला दिलेले १०,००० रुपये महिनाअखेरच्या १०,१०० च्या बरोबरीचे. शंभर रुपयांसाठी मालकाशी वाद घालावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण दरमहा १०,००० ऐवजी वर्षाचे १,२०,००० एकदम आगाऊ देण्याचा प्रस्ताव आला तर गोष्ट वेगळी. दरमहा १ टक्का दराने, महिन्याच्या आरंभी द्यायच्या १०,००० च्या बारा हप्त्यांचे आजचे मूल्य १,१३,६७६ रुपये आहे. म्हणून एकरकमी आगाऊ देताना सुमारे ६,३०० रुपयांची सूट मागणे रास्त आहे, आणि त्याहून कमी सूट मिळत असेल तर महिन्याचे हप्तेच बरे.

एक्सेलमध्ये मांडताना

आगाऊ भाडे, समान रकमेचे अखेरचे भाडे आणि महिन्याचे भाडे यांची सूत्रे अनुक्रमे अशी लिहावीत:

```
=PV(0.12,5,-120000,0,1)
=PV(0.12,5,-120000,0,0)
=PV(0.12/12,12,-10000,0,1)
```

उत्तरे ४,८४,४८२, ४,३२,५७३ आणि १,१३,६७६ आली पाहिजेत. शेवटचा आकडा १ असेल तर हप्ता आरंभी, ० असेल तर अखेरीस. तो लिहायचा राहिला तर एक्सेल निमूटपणे ० धरते आणि कोणतीही सूचना देत नाही. आगाऊ भाड्याचे मूल्य मग कमी दिसते. यावर सोपा उपाय असा, की १ आणि ० घालून आलेल्या दोन उत्तरांचा भागाकार करून पाहावा. तो एक अधिक दराएवढा, येथे १.१२, आला नाही, तर दर किंवा कालखंड यांत कोठेतरी घोळ आहे. महिन्याच्या हप्त्यांना वर्षाचा दर लावला की हा भागाकार १.०१ ऐवजी १.१२ येतो आणि चूक लगेच दिसते.

NPV हे सूत्र वापरणारे आणखी एका ठिकाणी अडखळतात. ते यादीतली पहिली रक्कम एक कालखंड पुढची समजते. पाच आगाऊ भाडी सरळ त्यात घातली तर ४,३२,५७३ हे अखेरच्या मालिकेचे उत्तर येते. पहिले भाडे बाहेर ठेवून उरलेली चारच आत घालावीत:

```
=120000+NPV(0.12,120000,120000,120000,120000)
```

बचतीतही तोच गुणक

भविष्यातील मूल्य काढतानाही नियम बदलत नाही, आणि पीपीएफ खाते याचे चांगले उदाहरण आहे. या खात्यात प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर व्याज मोजले जाते आणि ते वर्षाच्या शेवटी जमा होते. म्हणून वर्षाचे १,५०,००० रुपये ५ एप्रिलपर्यंत भरले तर पूर्ण वर्षाचे व्याज मिळते. ३१ मार्चला भरले तर त्या वर्षाचे काहीच मिळत नाही. एप्रिल २०२० पासून लागू असलेला ७.१ टक्के दर तसाच राहील असे धरले, तर पंधरा हप्त्यांनंतर पहिल्या पद्धतीने सुमारे ४०.६८ लाख आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ३७.९९ लाख रुपये होतात. एकाला दुसऱ्याने भागले की १.०७१ च येतो. मात्र ३१ मार्चपर्यंत ते पैसे दुसऱ्या एखाद्या ठेवीत व्याज कमावत असतील, तर २ लाख ७० हजारांचा हा सगळा फरक नुकसान म्हणून मोजता येणार नाही. दोन दरांमधला फरक तेवढाच खरा तोटा. आणि एप्रिलमध्ये भरण्यासाठी १२ टक्क्यांनी उचल घ्यावी लागणार असेल, तर हातात पैसे येईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

विम्याचा हप्ता नेहमी आगाऊ असतो, म्हणजे ॲन्युइटी ड्यू. निवृत्तिवेतनाच्या योजनांत मात्र नावावरून गैरसमज होतो. एलआयसीच्या जीवन अक्षयसारख्या तात्काळ पेन्शन योजनेत एकरकमी पैसे भरल्यावर पेन्शनचा पहिला हप्ता निवडलेला कालखंड संपल्यावर येतो. वार्षिक पर्याय घेतला तर एक वर्षाने, मासिक घेतला तर एका महिन्याने. तात्काळ या शब्दावरून हप्ता आरंभी मिळेल असे समजून १ घालून हिशेब केला, तर वार्षिक पर्यायाचे मूल्य पूर्ण एका वर्षाच्या व्याजाने फुगते. वार्षिक पर्यायातील रक्कम मासिक पर्यायाच्या बारा हप्त्यांपेक्षा थोडी जास्त असते ती या उशिराची भरपाई म्हणूनच. म्हणून दोन पर्यायांची तुलना करताना आधी पहिल्या हप्त्याची तारीख पाहावी, तारखांच्या रेघेवर ती कोणत्या खुणेवर येते ते लिहावे, आणि मगच सूत्रात ० घालायचे की १ ते ठरवावे.